निवेदकाशिवायची तीनशे सेकंदं

उघड्याबोडक्या माळावरून एक बाई एकटीच चालली आहे. अंगात पिवळा सदरा, डोक्याला रुमाल. चालत चालत ती एका कड्यापाशी येते आणि पाऊल जेमतेम मावेल अशा कंगोऱ्यावरून पुढे सरकू लागते. खाली खोल दरी. मध्येच थांबून ती कड्यातली एक दगडी चीप बाजूला करते. आत मधमाश्या घोंगावत असतात. उघड्या हातांनी, अजिबात घाई न करता ती पोळ्याचे थर काढू लागते.

'हनीलँड' हा 2019 सालचा उत्तर मॅसिडोनियातला माहितीपट असा सुरू होतो. तमारा कोतेव्स्का आणि ल्युबोमिर स्तेफानोव या दोघांचं हे दिग्दर्शन. बाईचं नाव हातिजे, पण ते पडद्यावर लिहून येत नाही. गाव कुठलं, वर्ष कुठलं, युरोपात रानमधाची काय अवस्था आहे, यातलं काहीही कुणी सांगत नाही. तरी या सुरुवातीनंतर प्रेक्षकाला बरंच ठाऊक झालेलं असतं. बाई धाडसी आहे, पण ते धाडस तिच्या रोजच्या कामाचा भाग आहे. माश्यांशी तिचा जुना घरोबा आहे. ती एकटी आहे. आणि एक प्रश्न डोक्यात बसलेला असतो: या वयात, इतक्या धोक्याच्या जागी हिला एकटीला का यावं लागतं?

त्या वर्षीच्या सनडान्स महोत्सवात या माहितीपटाला आंतरराष्ट्रीय माहितीपट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, शिवाय आणखी दोन. पुढे ऑस्करच्या दोन वेगवेगळ्या गटांत नामांकन मिळालं. पण तिथवर पोहोचण्याआधी प्रत्येक चित्रपटाला एक फारशी चर्चेत न येणारी पायरी ओलांडावी लागते. महोत्सवाचा प्रोग्रामर, म्हणजे कार्यक्रमात काय दाखवायचं ते निवडणारा माणूस, आपल्या लॅपटॉपवर त्याची लिंक उघडतो आणि पाहायला लागतो.

या माणसाची परिस्थिती समजून घेतल्याशिवाय सुरुवातीचा विचार करता येत नाही. सनडान्सकडे 2024 च्या महोत्सवासाठी 17,435 प्रवेशिका आल्या होत्या. त्यांतल्या 4,410 पूर्ण लांबीच्या होत्या, आणि प्रत्यक्ष पडद्यावर जागा मिळाली ती शंभराहूनही कमी पूर्ण लांबीच्या चित्रपटांना. मोठ्या महोत्सवांत आधी प्राथमिक चाळणी करणारे लोक असतात. ते पाहतात, चार ओळींचा शेरा लिहितात, आणि तो शेरा चांगला असेल तर चित्रपट वरच्या टेबलावर जातो. काही ठिकाणी शेवटपर्यंत पाहण्याचा दंडक असतो, काही ठिकाणी ठरावीक वेळानंतर थांबायची मुभा असते. दंडक असला तरी मन कधी उठून गेलं हे दंडकाला कळत नाही.

हा माणूस सामान्य प्रेक्षकासारखा तिकीट काढून बसलेला नसतो. त्या दिवसातला हा त्याचा पहिला चित्रपट असेल किंवा पाचवा. धुक्यातल्या शेतावरून सरकणारा ड्रोन त्याने इतक्यांदा पाहिलेला असतो की तो दिसताच हात फोनकडे जातो. त्याला विषय महत्त्वाचा आहे हे पटवून द्यायची गरज नसते, कारण समोरच्या यादीतले सगळेच विषय महत्त्वाचे असतात. तो शोधत असतो ती दिग्दर्शकाची पकड. या माणसाला आपण काय दाखवतोय ते कळतंय का, आणि पुढचा दीड तास त्याच्या हाती सोपवावा का, एवढंच त्याला ठरवायचं असतं.

आणखी एक व्यवहाराची बाब आहे. निवड समितीच्या बैठकीत कुणीतरी त्या चित्रपटाची बाजू मांडावी लागते, आणि तिथे नावापेक्षा चित्र लक्षात राहतं. 'ती कड्यावर मध काढणारी बाई' एवढं म्हटलं की सगळ्यांना आठवतं. 'तो ग्रामीण स्थलांतरावरचा' म्हटलं की तसे सहा निघतात. सुरुवातीने प्रोग्रामरच्या हाती हे वाक्य ठेवायला हवं.

निवेदक असेल तर हे काम सोपं होतं असं वाटतं, आणि आपल्याकडे त्या सोपेपणाची सवयही जुनी आहे. 1948 मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झालं, आणि पुढची कित्येक दशकं थिएटरात मुख्य सिनेमाआधी त्यांचा वृत्तपट किंवा माहितीपट दाखवणं सक्तीचं होतं. तो भारदस्त आवाज आणि त्याखाली धावणारी धरणं, कारखाने, मेळावे हे ज्यांनी पाहिलंय त्यांच्या कानात माहितीपट म्हणजे तोच आवाज बसला आहे. त्याच संस्थेत एस. सुखदेव यांनी 'इंडिया 67' निवेदनाचा एकही शब्द न वापरता केला, हेही खरं. पण तो अपवाद होता, आणि आजही नवा दिग्दर्शक सुरुवात अडली की पहिल्यांदा आवाजाकडेच वळतो.

निवेदक काढून टाकला की त्याची तीन कामं उघडी पडतात. हे कोण आणि कुठे आहेत ते सांगणं, हे महत्त्वाचं का ते सांगणं, आणि आता पुढे काय याची उत्सुकता लावणं. अनुभवी संकलक यांतलं पहिलं काम अर्धवट ठेवतात, दुसरं जवळजवळ सोडूनच देतात आणि सगळी ताकद तिसऱ्यावर लावतात. नवखे लोक नेमकं उलट करतात. त्यांना धास्ती असते की प्रेक्षकाला काही कळणार नाही, म्हणून पहिल्या पाच मिनिटांत सगळं कळवून टाकायची धडपड चालते. मग तीन तज्ज्ञांच्या मुलाखतींचे तुकडे जोडले जातात, वर्तमानपत्रांची कात्रणं सरकतात, आकड्यांच्या पाट्या येतात. निवेदक नाही म्हणायचं आणि त्याची वाक्यं तिघांत वाटून द्यायची, यात प्रोग्रामर फसत नाही.

माहिती आत आणायचे मार्ग आहेत. त्यांतला सर्वांत भरवशाचा म्हणजे काम. माणूस हातातलं काम करत असताना तो कोण, त्याचं कौशल्य किती, गरज किती, हे आपोआप दिसतं. 'हनीलँड'ची सुरुवात या एकाच पायावर उभी आहे. त्यामागे एक मजेशीर कारणही होतं. हातिजे आणि तिची म्हातारी आई ज्या जुन्या तुर्की बोलीत बोलतात ती दिग्दर्शकांना समजतच नव्हती. तीन वर्षांत चारशे तासांहून जास्त फुटेज जमलं, आणि आधीची जुळणी मूकपट असल्यासारखी, निव्वळ चित्रांवर केली गेली. जे बोलण्यावाचून समजत होतं ते आधी पक्कं झालं. ही अडचण त्यांच्यावर आलेली होती, पण मुद्दाम ओढवून घ्यावी अशी आहे. आवाज बंद करून आपली सुरुवात पाहिली आणि काहीच उरलं नाही, तर ती सुरुवात बोलण्यावर तरंगते आहे असं समजावं.

दुसरा मार्ग म्हणजे चौकटीतलाच कुणी प्रश्न विचारणारा. रिंटू थॉमस आणि सुश्मित घोष यांचा 'रायटिंग विथ फायर' उत्तर प्रदेशातल्या 'खबर लहरिया' या दलित स्त्रियांनी चालवलेल्या वृत्तसंस्थेवर आहे. सुरुवातीला मीरा नावाची बातमीदार अत्याचार झालेल्या एका बाईच्या घरी जाते, तिच्याशी बोलते, आणि मग पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार का नोंदवली नाही असं विचारते. प्रश्न विचारणं हेच मीराचं काम असल्यामुळे प्रेक्षकाला हवी असलेली माहिती तिच्या तोंडून अगदी सहज येते. त्याच वेळी ती किती शांतपणे आणि किती जोखीम पत्करून विचारते आहे, हेही दिसतं. एका प्रसंगात गुन्हा, व्यवस्था आणि नायिका अशा तीन गोष्टी उभ्या राहतात. शिक्षक, डॉक्टर, तलाठी, कंडक्टर अशी विचारपूस करणारी माणसं ज्या विषयात आहेत, त्या दिग्दर्शकाने हा मार्ग आधी तपासावा.

पडद्यावर लिहिलेल्या पाट्या म्हणजे हरल्याची खूण असंही काही जण मानतात. ते खरं नाही. जानफ्रांको रोसी यांच्या 'फायर ॲट सी' या माहितीपटाला 2016 मध्ये बर्लिनचा गोल्डन बेअर मिळाला. तो पाट्यांनीच सुरू होतो: लाम्पेदूसा बेटाचं क्षेत्रफळ 20 चौरस किलोमीटर, आफ्रिकेपासून 70 मैल, वीस वर्षांत तिथे उतरलेले चार लाख स्थलांतरित, आणि समुद्रात मेलेल्यांचा 15 हजारांचा अंदाज. आकडे वाचून झाल्यावर आता बोटी दिसतील, माणसं दिसतील असं वाटतं. रोसी दाखवतात तो झाडाची फांदी शोधणारा एक मुलगा. त्याला गलोल बनवायची आहे. आकड्यांचा आणि गलोलीचा काय संबंध, हे कुणी सांगत नाही. पुढे रात्रीच्या अंधारात रडार फिरत असतं, बिनतारी संदेशावर कुणीतरी जीव तोडून मदत मागत असतं, आणि दुसऱ्या बाजूचा आवाज तुम्ही किती जण आहात, कुठे आहात असं विचारत राहतो. मरणारे दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात.

इथे पाट्यांनी स्पष्टीकरण दिलेलं नाही. त्यांनी एक वजन ठेवून दिलं आणि दिग्दर्शकाने लगेच नजर भलतीकडे वळवली. ते वजन प्रेक्षकाच्या खांद्यावर तसंच राहतं, आणि मुलाचा खेळ पाहताना अस्वस्थ करत राहतं. पाट्यांनंतर लगेच बोटी दाखवल्या असत्या तर चित्र आकड्यांची नुसती साक्ष ठरलं असतं.

निकोला फिलिबेर यांच्या 'एत्र ए आव्वार' या 2002 सालच्या फ्रेंच माहितीपटाची सुरुवात याहून खोडकर आहे. विषय खेड्यातली एकशिक्षकी शाळा. पहिल्यांदा दिसतं ते हिमवादळात गुरं हाकणं. मग रिकामा वर्ग, आणि त्याच्या फरशीवरून आपल्या गतीने निघालेली कासवं. मुलं नंतर येतात. बाहेर बोचरी थंडी आहे, आत ऊब आहे, आणि या चित्रपटात कुणालाही घाई नाही. प्रेक्षकाला कसं पाहायचं ते कासवांनी शिकवलं. चित्रपटाची गती ठरवून देणं हे सुरुवातीचं एक काम असतं. पहिली पाच मिनिटं ट्रेलरसारखी धडाधडा कापून सहाव्या मिनिटाला जो चित्रपट मंदावतो, त्याने आपल्या गतीबद्दल खोटं सांगितलेलं असतं, आणि प्रोग्रामरला हे लगेच जाणवतं.

आता हे सगळं एका कल्पित चित्रपटावर करून पाहू. समजा, एका दिग्दर्शिकेने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार जोडप्यावर माहितीपट केला आहे. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसऱ्यानंतर गाव सोडायचं, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या आसपास कोप घालून राहायचं, हंगामभर ऊस तोडून उचल फेडायची, हा त्या जोडप्याचा वर्षाचा फेरा. मराठी माणसाला यातलं थोडंफार माहीत असतं. ॲमस्टरडॅमच्या किंवा यामागाताच्या प्रोग्रामरला काहीच माहीत नसतं.

पहिल्या कच्च्या संकलनात ती साहजिकच ड्रोन वापरते. हिरवागार ऊस, उगवता सूर्य, त्यावर पाटी: इतके लाख कामगार दरवर्षी स्थलांतर करतात. मग कारखान्याची चिमणी, एका अभ्यासकाचं भाष्य, आणि चौथ्या मिनिटाला कोयता हातात घेतलेली नायिका. पाहणाऱ्याला विषय कळतो, पण त्या बाईबद्दल काहीही वाटत नाही. दुसऱ्या खेपेला ती उसाखाली आलेला अपघात, रडारड, असा सगळ्यात हादरवणारा प्रसंग पुढे आणते आणि मग पाटी टाकते: चार महिन्यांपूर्वी. यात लक्ष वेधलं जातं, पण ज्यांची ओळखच नाही अशा माणसांचं दुःख पाहायला लावल्यासारखं होतं. शिवाय 'चार महिन्यांपूर्वी'ची पाटी प्रोग्रामरने त्या आठवड्यातच दोनदा पाहिलेली असते.

तिसऱ्या खेपेला ती रशेस पुन्हा चाळते आणि तिला ओसरीवरचा एक प्रसंग सापडतो. शूटिंगच्या वेळी तो किरकोळ वाटला होता. काळ्या पडद्यावर नोटा मोजल्याचा आवाज, मग बोटं, मग मुकादमाची उघडी वही. समोर नवरा बसलेला, बायको उंबऱ्यात उभी, कडेवर मूल. मुकादम वहीत लिहिताना मोठ्याने म्हणतो, "एक कोयता." पाहणाऱ्याला माणसं दोन दिसताहेत आणि नोंद एकाची होते आहे. नवरा पैसे घेतो, म्हाताऱ्या बापाच्या हातात देतो. बाप त्यातले निम्मे शेजारी थांबलेल्या किराणा दुकानदाराला मोजून देतो. बायको काही बोलत नाही, फक्त त्या पैशांचा प्रवास डोळ्यांनी पाहत राहते. हे सगळं दीड मिनिटात. पैसे आले, निम्मे गेले, आणि कामाला अजून सुरुवातही झालेली नाही.

ओसरीवरचं दृश्य संपायच्या आधीच ट्रकचा हॉर्न ऐकू येतो. मग पत्र्याची पेटी, पिठाचं पोतं, पाय बांधलेल्या कोंबड्या, मागे राहणारी थोरली मुलगी. ट्रक निघतो तेव्हा कॅमेरा ट्रकबरोबर न जाता मुलीपाशी थांबतो, जवळजवळ एक मिनिट. नंतर एकदम अंधार, बॅटरीचा उजेड, कोयत्याचा खटका. दोन मिनिटं फक्त काम. पाचट सोलणं, कांडं तोडणं, मोळी बांधणं, आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं. फळी वाकते. कुणाचा पाय चुकत नाही, पण पाहणारा श्वास धरून बसतो. शेवटच्या वीस सेकंदांत वजनाचा आकडा पुकारला जातो आणि तीच वही पुन्हा उघडते. मुकादम काहीतरी लिहितो. इथे चित्रपटाचं नाव.

उचल म्हणजे काय, ती मजुरीतून कशी कापली जाते, हे कुणीच सांगितलं नाही. तरी वही दोनदा दिसल्यामुळे ओसरीवर घेतलेले पैसे आणि फळीवर चढलेली मोळी यांचा हिशेब एकाच पानावर चालला आहे, हे जपानी माणसालाही समजतं. त्याच्या मनात प्रश्न तयार होतो: हा हिशेब कधी मिटतो का? पुढच्या दीड तासाला एवढं इंधन पुरतं.

कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात हा प्रसंग मिळायचा तर कॅमेरा दसऱ्याआधी गावात हवा. बहुतेक पथकं थेट फडावर पोहोचतात आणि तेव्हा पैशांची देवघेव होऊन गेलेली असते. सुरुवात संकलनाच्या टेबलावर सापडते हे खरं, पण सापडण्यासाठी ती आधी चित्रित झालेली असावी लागते. म्हणून अनुभवी लोक शूटिंगला निघण्याआधीच 'या गोष्टीचा व्यवहार कुठे ठरतो' असं विचारून ठेवतात आणि तिथे कॅमेरा नेतात.

दुसरी अडचण संमतीची. मुकादमाने पैसे मोजताना चित्रीकरणाला नकार दिला तर? दिला तर तो त्याचा हक्क आहे. आणि होकार दिला तरी चित्रपट गाजल्यावर त्याचा राग कामगारांवर निघू शकतो, पुढच्या हंगामात त्या जोडप्याला कुणी उचल देणार नाही. अशा वेळी चेहरा गाळून हात, वही आणि आवाज यांवर दृश्य उभं करता येतं. अनेकदा ते जास्त परिणामकारक होतं, पण तसं ठरवून, परवानगीने आणि चित्रीकरणाच्या वेळीच करावं लागतं. नंतर संकलनात चेहरे धुसर करून ते साधत नाही. प्रसंग हुकला म्हणून तो पुन्हा घडवून आणणं हा आणखी एक मोह. माणसं दुसऱ्यांदा पैसे मोजताना पहिल्यांदासारखी पाहत नाहीत, आणि तरबेज नजरेला ते ओळखू येतं.

आवाजाकडे दुर्लक्ष करणं हा निवेदकाशिवायच्या माहितीपटातला सर्वांत महाग दोष. निवेदन असतं तेव्हा खालचा आवाज खराब असला तरी खपून जातो. निवेदन नसताना नोटांची सळसळ, कोयत्याचा खटका, फळीचा करकराट हेच कथानक असतं, आणि ते कॅमेऱ्यावरच्या माईकने नीट टिपलं जात नाही. स्वतंत्र ध्वनिमुद्रक नसेल तर निदान प्रत्येक जागेचा शांत असतानाचा मिनिटभराचा आवाज आणि कामाचे जवळून घेतलेले आवाज वेगळे नोंदवून ठेवावेत. हेही लक्षात ठेवावं की प्रोग्रामर बहुधा लॅपटॉपवर किंवा इअरफोनवर ऐकणार आहे. स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर अंगावर येणारी खोल घरघर लॅपटॉपच्या स्पीकरमधून ऐकूच येत नाही. पाठवायची प्रत एकदा साध्या लॅपटॉपवर ऐकली की पुष्कळ गोष्टी उमगतात. तणाव संगीताने भरून काढायचा बेत असेल तर तेही सावधपणे. पहिल्या मिनिटातच उदास व्हायोलिन सुरू झालं की निवेदक मागच्या दाराने परत आलेला असतो. काय वाटून घ्यायचं ते तो आता सुरांतून सांगतो.

सबटायटल हा भारतीय दिग्दर्शकाचा खास प्रश्न. डोळा खाली अक्षरांकडे गेला की वरचं चित्र निसटतं. ओसरीवरच्या दृश्यात बायकोची नजर महत्त्वाची असेल तर नेमक्या त्याच क्षणी खाली दोन ओळी असता कामा नयेत. म्हणून बोलणं आधी संपवून मग नजर दाखवावी, किंवा बोलणं छाटावं. ज्या वाक्याशिवाय प्रसंग समजतो त्याचा अनुवाद न दिला तरी चालतो. मागून जाणाऱ्या माणसाचं "राम राम" भाषांतरित करून कुणाचं भलं होत नाही.

सुरुवात जमली की नाही हे कळायला एक साधी चाचणी आहे. विषयाचा गंध नसलेल्या तीन-चार माणसांना पाच मिनिटं दाखवायची आणि बरोबर पाचव्या मिनिटाला थांबवायची. 'आवडलं का' असं विचारू नये. ओळखीची माणसं हो म्हणतात. 'हे कुणाबद्दल आहे' असं विचारावं. उत्तर 'ऊसतोड कामगारांच्या प्रश्नाबद्दल' असं आलं तर सुरुवात फसली, 'त्या उंबऱ्यातल्या बाईबद्दल' असं आलं तर जमली. मग 'आता तुम्हाला काय जाणून घ्यायचंय' असं विचारावं. प्रश्न व्यक्तीबद्दल आला तर उत्तम. 'हे कुठलं राज्य आहे' असा आला तर एखादी छोटी पाटी किंवा बसवरचं गावाचं नाव घालून काम भागतं. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा आला तर सुरुवातीत एकापेक्षा जास्त चित्रपट दडलेले आहेत. आणि थांबवल्यावर कुणी 'पुढचं लावा की' म्हणालं, तर बाकीचे प्रश्न विचारले नाहीत तरी चालतं.

या सगळ्याला मर्यादाही आहेत. शौनक सेन यांच्या 'ऑल दॅट ब्रीद्स'ची सुरुवात दिल्लीतल्या मोकळ्या जागेवर रात्री उच्छाद मांडलेल्या उंदरांवरून, जमिनीलगत, अतिशय संथपणे होते. चित्रपट आहे घारींवर उपचार करणाऱ्या भावांबद्दल, आणि ते भाऊ लगेच भेटतही नाहीत. व्यक्तीवर सुरुवात करावी या सल्ल्याला हे सरळ छेद देणारं आहे. तरी 2022 मध्ये सनडान्स आणि कान दोन्ही ठिकाणी त्याला माहितीपटाचे सर्वोच्च पुरस्कार मिळाले. व्हिक्टर कोसाकोव्हस्की यांचा 'गुंडा' गोठ्याच्या दारात पहुडलेल्या डुकरिणीवर सुरू होतो आणि बराच वेळ तिथून हलत नाही. फरक असा की या दोन्ही शॉट्सच्या आत काहीतरी सतत बदलत असतं. उंदरांच्या मागून गाड्यांचे दिवे सरकतात, डुकरिणीच्या अंगावरून एकेक पिल्लू बाहेर पडतं. शॉट लांब आहे म्हणून प्रोग्रामर कंटाळत नाही, त्यात घडायचं थांबलं की कंटाळतो. ज्या शॉटमध्ये तिसाव्या सेकंदाला आणि नव्वदाव्या सेकंदाला सारखंच दिसतंय, तो साठ सेकंदांनी कापायला हरकत नाही.

उरतात किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी. निर्मिती संस्थेचा फिरता लोगो, सहनिर्मात्यांची नावं, अनुदान देणाऱ्यांच्या पाट्या, आधीच्या महोत्सवांची पानाफुलांची चिन्हं मिळून पाऊण मिनिट सहज जातं. निवडीसाठी पाठवायच्या प्रतीतली जी नावं करारानुसार शेवटी नेता येतील ती शेवटी न्यावीत. आणि महोत्सवाला पाठवलेल्या लिंकवर चित्रपट किती मिनिटं पाहिला गेला याचे आकडे दिसले, तर त्यांवरून रात्र रात्र जागू नये. कुणी डाउनलोड करून पाहतं, कुणी दोघं मिळून एकाच पडद्यावर पाहतात, कुणी अर्ध्यावर थांबवून दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं.

'हनीलँड'मध्ये कड्यावरून परतल्यावर हातिजे वीज नसलेल्या अंधाऱ्या खोलीत शिरते. तिथे अंथरुणाला खिळलेली तिची आई आहे. मोकळ्या डोंगरानंतर ही खोली इतकी अरुंद वाटते की सुरुवातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी पाहणारा थांबतो. ज्यांच्यामुळे खरा संघर्ष सुरू होतो ते शेजारी त्यानंतरही लगेच येत नाहीत. दिग्दर्शकांनी तोवर आईचं औषधपाणी, स्कोप्येच्या बाजारातला मधाचा भाव, केसांना लावायचा रंग असल्या साध्या गोष्टींवर वेळ काढला आहे. कड्यावरच्या त्या दृश्यानंतर त्यांना तेवढी सवलत मिळालेली होती.